अप्रेझलचा एक परिच्छेद: ‘मेहनती आणि प्रामाणिक’च्या पुढे काय लिहायचं

तीन वर्षांपूर्वी मी माझ्या टीममधल्या एका मुलीबद्दल अप्रेझलच्या फॉर्मवर असं लिहिलं होतं:

“अत्यंत मेहनती आणि प्रामाणिक. कामाचं ज्ञान उत्तम. सगळ्यांशी मिळूनमिसळून वागते. दिलेली जबाबदारी वेळेत पार पाडते. संवादकौशल्यात थोडी सुधारणा अपेक्षित. टीमसाठी मोलाची.”

रेटिंग दिलं पाचपैकी चार. आमचं ऑफिस बेलापूरला, काम न्हावा शेवा बंदरातून येणाऱ्या मालाच्या कस्टम्स क्लिअरन्सचं. एप्रिलच्या शेवटी सगळ्या मॅनेजरांची रेटिंगं एकत्र ठेवून बघतात. त्या वर्षी चारवाले जास्त झाले होते, त्यामुळे काहींना तीनवर आणायचं होतं. माझा कागद निघाला. मोठ्या साहेबांनी तो वाचला आणि विचारलं, “हिने या वर्षी नेमकं काय केलं?” मी म्हटलं, “सर, फार सिन्सिअर आहे ती.” त्यांनी मान हलवली आणि पुढचा कागद घेतला. तिचं रेटिंग तीन झालं.

तिने त्या वर्षी बरंच काही केलं होतं. मला ते माहीतही होतं, पण त्या खोलीत ऐन वेळी आठवेना आणि कागदावर त्यातलं काहीच नव्हतं. त्यानंतर मी हा परिच्छेद लिहायची पद्धत बदलली. ती इथे पायरीपायरीने मांडते आहे. उदाहरण याच वर्षीचं घेतलंय, आमच्या इम्पोर्ट डॉक्युमेंटेशनमधल्या एका एक्झिक्युटिव्हचं. तिचं नाव घेत नाही. ती चार वर्षं इथे आहे, काम चांगलं आहे, सगळे तिच्यावर खूश आहेत आणि तिच्यात एक खरीखुरी उणीव आहे. लिहायला सगळ्यात अवघड माणूस हाच. ज्याचं काम वाईट, त्याच्याबद्दलच्या मेल आपोआप साठलेल्या असतात. जो अव्वल, त्याचे किस्से सगळ्यांच्या तोंडी असतात. मधल्या चांगल्या माणसाच्या वाट्याला मात्र विशेषणं येतात.

हा परिच्छेद वाचणार कोण

आधी हे ठरवा, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे. आपण लिहिताना त्या माणसाचा चेहरा डोळ्यांसमोर असतो, म्हणून ‘मेहनती’ लिहिलं की आपल्याला त्यामागचं सगळं दिसतं. वाचणाऱ्याला काहीच दिसत नाही. रेटिंगच्या मीटिंगमधले साहेब त्या मुलीला फार तर लिफ्टमध्ये भेटलेले असतात. दुसरी वाचणार ती स्वतः, आणि तिला यातून पुढच्या वर्षी काय करायचं ते कळायला हवं. तिसरा वाचणारा म्हणजे तुमच्या जागी उद्या येणारा मॅनेजर.

माझे वडील सरकारी नोकरीत होते, त्यामुळे ‘सीआर’ हा शब्द लहानपणापासून घरात ऐकला. सीआर म्हणजे गोपनीय अहवाल, साहेबाने वर्षाच्या शेवटी लिहायचा शेरा. त्यावरचा एक निकाल प्रत्येक मॅनेजरला माहीत असायला हवा. देव दत्त हे बॉर्डर रोड्सच्या इंजिनिअरिंग सेवेत कार्यकारी अभियंता होते. 1993-94च्या अहवालात त्यांना ‘गुड’ असा शेरा मिळाला होता, पण बढतीसाठी सलग पाच वर्षं ‘व्हेरी गुड’ लागत होतं. त्या एका ‘गुड’मुळे बढती हुकली, आणि तो शेरा त्यांना कधी कळवलाही गेला नव्हता. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की अशा वेळी ‘चांगला’ हा शेरासुद्धा त्या माणसाच्या विरोधात जातो, आणि अहवालातली प्रत्येक नोंद सरकारी कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे.

निकाल सरकारी नोकरीपुरता आहे. पण त्यातली गोष्ट आमच्या बेलापूरच्या ऑफिसलाही लागू पडते. ‘चांगलं काम’ हे कौतुक आहे की तीनचं रेटिंग आहे, हे वाचणाऱ्याच्या हातातल्या पट्टीवर ठरतं. ‘पार्टीशी उत्तम समन्वय’ हे तुम्ही शाबासकी म्हणून लिहिता, वाचणारा त्याचा अर्थ ‘नेहमीचं काम नीट केलं’ असा घेतो. प्रसंग लिहिलात तर असा घोळ कमी होतो.

लिहायच्या आधी एक तास जमवाजमव

फॉर्म उघडून बसू नका. आधी कोरा कागद घ्या आणि त्यावर चार रकाने पाडा: एप्रिल ते जून, जुलै ते सप्टेंबर, ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च. प्रत्येक रकान्यात किमान दोन घटना आल्याच पाहिजेत, असा नियम स्वतःला घालून घ्या. हे न करता लिहायला बसलं की फेब्रुवारी-मार्चच सगळं वर्ष होऊन बसतं. मार्चमध्ये एक फाइल अडकली तर माणूस ‘बेजबाबदार’ ठरतो, आणि मार्चमध्ये रात्री आठपर्यंत थांबला तर ‘समर्पित’.

घटना शोधायच्या कुठे? मी तीन ठिकाणी शोधते. पहिलं म्हणजे मेल. तिचं नाव टाकून माझ्या आणि तिच्यामधल्या मेल महिन्यामहिन्याने चाळते, साधारण वीस मिनिटं लागतात. दुसरं ठिकाण आमचं क्वेरी रजिस्टर. आम्ही आयसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवर बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयात मालाचा तपशील देणारा कागद, भरतो. कस्टम्सच्या अधिकाऱ्याला मालाच्या वर्गीकरणाबद्दल किंवा किमतीबद्दल शंका आली, की तो क्वेरी टाकतो आणि उत्तर मिळेपर्यंत फाइल थांबते. कोणाच्या फाइलवर किती क्वेरी आल्या ते रजिस्टरमध्ये असतं. तिसरं ठिकाण तिच्याबरोबर काम करणारी दोन माणसं. त्यांना ‘ती कशी आहे?’ असं विचारू नका, ‘चांगली आहे’ एवढंच उत्तर मिळेल. मी विचारते, “या वर्षी तिच्यामुळे तुझं काम कधी सोपं झालं? कधी अडलं?”

कागदावर सध्या विशेषण एकही नको. फक्त काय घडलं ते. हा आग्रह मी धरते त्यामागे कारण आहे. थॉर्नडाइक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1920 मध्ये सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी हाताखालच्या माणसांना दिलेले गुण तपासले. बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व, चारित्र्य असे वेगवेगळे गुण द्यायचे होते. पण ज्याला एकात जास्त, त्याला सगळ्यातच जास्त, असं दिसून आलं. एकूण मत आधी बनतं आणि मग प्रत्येक रकाना त्याच रंगात रंगतो. माणूस आवडता असला की त्याची उणीव दिसत नाही, आणि नावडता असला की त्याचं काम दिसत नाही. घटना आधी आणि मत नंतर, एवढा क्रम पाळला तरी यातला बराच भाग टळतो.

माझ्या कागदावर या वर्षी अकरा घटना आल्या.

अकरातून तीन

परिच्छेद साधारण दीडशे शब्दांचा असतो. त्यात तीनच गोष्टी नीट मावतात: दोन बळाच्या, एक उणिवेची. (उणिवा खरंच दोन असतील तर बळाची एक. हे प्रमाण माणसावरून ठरवायचं, साच्यावरून नाही.)

निवडताना मी प्रत्येक घटनेला एकच प्रश्न विचारते: तिच्या जागी दुसरं कोणी बरं काम करणारं माणूस असतं, तरी हे असंच झालं असतं का? उत्तर ‘हो’ आलं, तर ती घटना बाजूला. ‘सगळ्या फाइली वेळेत अपलोड केल्या’ बाजूला गेली, कारण पगार त्याचाच आहे. ‘पावसात गाड्या बंद असताना ठाण्याहून ऑफिसला आली’ हेही बाजूला ठेवलं. मला त्या दिवशी तिचं फार कौतुक वाटलं होतं, पण ट्रान्स-हार्बर लोकल बंद पडली तर कोण कुठे राहतं यावर कोण पोचलं ते ठरतं. ज्याचं घर ऑफिसजवळ सीवूड्सला आहे त्याला ते कौतुक कधी मिळणारच नाही. एखाद्याची गैरसोय म्हणजे त्याचं काम नव्हे.

उरल्या तीन गोष्टी. एक, तिने क्वेरी कमी करण्यासाठी स्वतःहून एक पद्धत बसवली. दोन, नवीन आलेल्या मुलाला तिने चेकलिस्ट, म्हणजे बिलाचा कच्चा मसुदा, करायला शिकवलं. तीन, अडकलेली फाइल ती कोणाला न सांगता स्वतःकडे ठेवते.

कौतुकाचं वाक्य कसं बांधायचं

प्रत्येक वाक्यात तीन गोष्टी हव्यात: प्रसंग काय होता, तिने काय केलं, त्याने काय फरक पडला. यातली मधली गोष्ट सगळ्यात जास्त वेळा गळते. ‘क्वेरी कमी झाल्या’ असं आपण लिहितो, तिने काय केलं ते लिहीत नाही. मग ते श्रेय तिचं, बाजाराचं की नशिबाचं, हे वाचणाऱ्याला कळत नाही.

माझा पहिला मसुदा असा होता: “क्वेरी कमी करण्यात मोलाचं योगदान.” योगदान म्हणजे काय? मी कागदाकडे परत गेले. जूनमध्ये तिने रजिस्टर बघून शोधलं होतं, की आमच्या अकरा नेहमीच्या पार्ट्यांच्या मशिनरीच्या सुट्या भागांवर पुन्हापुन्हा एकच क्वेरी येते: माल नेमका कशासाठी वापरतात ते स्पष्ट करा. तिने काय केलं, तर जुलैपासून या अकरा जणांकडून बिल भरायच्या आधीच कॅटलॉगची पानं मागवायला आणि बिलासोबत जोडायला सुरुवात केली. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

आता फरक. एप्रिल ते जूनमध्ये या पार्ट्यांच्या फाइलवर 23 क्वेरी होत्या, जानेवारी ते मार्चमध्ये 9. आकडा छान दिसला आणि मी तो लगेच लिहूनही टाकला. मग शंका आली म्हणून रजिस्टर पुन्हा काढलं. अकरातली एक पार्टी ऑक्टोबरमध्ये आमच्याकडून गेली होती, आणि पहिल्या तिमाहीतल्या 23 पैकी 6 क्वेरी एकट्या तिच्या होत्या. ती वगळली तर दहा पार्ट्यांच्या 17 क्वेरी 9 वर आल्या. त्या दहांच्या फाइली दोन्ही तिमाहींत साधारण सत्तरच होत्या, म्हणजे काम कमी झालं म्हणून क्वेरी कमी झाल्या असं नाही.

मी 17 वरून 9 असंच लिहिलं. आकडा लहान झाला, पण मीटिंगमध्ये कोणी म्हणालं असतं, “ती मोठी पार्टी तर गेलीच ना?” तर 23 चा आकडा तिथेच पडला असता आणि त्याबरोबर परिच्छेदातल्या बाकीच्या वाक्यांवरचाही विश्वास गेला असता. म्हणून आकडा वापरायच्या आधी दोन गोष्टी तपासा: ज्याच्याशी तुलना करतोय तो गट तोच आहे का, आणि एकूण काम तेवढंच होतं का.

आकड्याचा दुसरा धोका म्हणजे नुसत्या संख्येची तुलना. आमच्याकडे एकाने वर्षात नऊशे फाइली केल्या आणि हिने साडेसहाशे. पण त्याच्याकडे एकाच पार्टीचा त्याच त्या मालाचा कागद येतो. हिच्याकडे केमिकलही येतं, ज्याला काही वेळा दुसऱ्या खात्याची परवानगीही लागते. हा फरक परिच्छेदात लिहायची जागा नसेल तर तो आकडाच टाकू नका.

शिकवण्याचा मुद्दा लहान आहे, तो एका वाक्यात संपतो: सप्टेंबरमध्ये आलेल्या नवीन मुलाची चेकलिस्ट तिने सहा आठवडे रोज तपासली आणि नोव्हेंबरपासून तो स्वतंत्रपणे मसुदे करतो. ‘उत्तम मार्गदर्शक’ हे शब्द आता लागतच नाहीत.

उणीव लिहिताना

इथे बहुतेक जण अडखळतात. उणीव लिहायला जीव होत नाही, म्हणून ‘संवादकौशल्यात थोडी सुधारणा अपेक्षित’ असं काहीतरी लिहून सुटका करून घेतो. मीही तेच केलं होतं. तिच्या जागी बसून वाचा. काय सुधारायचं? इंग्रजी? मेलची भाषा? मोठ्याने बोलायचं? ज्या मुलीबद्दल मी ते लिहिलं, तिने इंग्रजी संभाषणाचा क्लास लावला होता, हे मला नंतर कळलं. वाशीला, आठवड्यातून तीन संध्याकाळी. मला म्हणायचं होतं की अडचण आली तर लवकर सांग. त्या क्लासचा आणि माझ्या म्हणण्याचा काडीचा संबंध नव्हता. ती चूक माझ्या वाक्याची होती.

म्हणून उणिवेचं वाक्यही कौतुकाच्या वाक्यासारखंच बांधायचं. प्रसंग, कृती, परिणाम. स्वभावाचं नाव घ्यायचं नाही. ‘मनमोकळी नाही’, ‘पुढाकार घेत नाही’ ही माणसाची लक्षणं झाली, ती कोणी पुढच्या वर्षी बदलू शकत नाही. कृती बदलता येते.

नोव्हेंबरमधला प्रसंग असा. चीनमधल्या निंगबोहून येणाऱ्या एका कंटेनरच्या इन्व्हॉइसमधलं वजन आणि पॅकिंग लिस्टमधलं वजन जुळत नव्हतं. शुक्रवारी दुपारी तिच्या ते लक्षात आलं, हे तिचं बरोबरच. तिने पार्टीला मेल टाकली आणि उत्तराची वाट बघत राहिली. जहाज रविवारी लागणार होतं. नियमाप्रमाणे जहाज ज्या दिवशी येतं त्याच्या आदल्या दिवसाअखेर बिल भरावं लागतं, त्यात सुटीचा दिवसही धरतात. म्हणजे शनिवारी रात्रीपर्यंत. मला सोमवारी सकाळी कळलं, बिल मंगळवारी भरलं. उशिराचा आकार पहिल्या तीन दिवसांना रोज 5,000 रुपये आणि पुढे रोज 10,000. तीन दिवसांचे 15,000 झाले आणि पार्टीने ते आमच्याकडून वळते करून घेतले.

एका प्रसंगावर उणीव ठरवू नये. वर्षात असं आणखी कधी झालं का, ते बघा. कागदावर ऑगस्टची एक आणि फेब्रुवारीची एक अशाच प्रकारची नोंद होती. दोन्ही वेळा दंड झाला नाही. फेब्रुवारीत तर शेजारच्या टेबलावरच्या मुलाच्या सहज लक्षात आलं म्हणून वाचलो. तीनदा एकच गोष्ट घडली म्हणजे ती सवय आहे, आणि तसं लिहायला हरकत नाही. एकदाच घडलं असतं तर मी ते ‘एकदा’ असंच लिहिलं असतं, किंवा दंड नसता तर लिहिलंच नसतं.

आता स्वतःला एक अप्रिय प्रश्न विचारायचा: यात परिस्थितीचा आणि माझा वाटा किती? शनिवारी आमचं ऑफिस अर्धा दिवस असतं, आणि सुटीच्या दिवशी अडलेल्या फाइलसाठी कोणाला फोन करायचा हे आमच्याकडे ठरलेलंच नव्हतं. शिवाय ऑक्टोबरमध्ये मीच टीमला म्हटलं होतं, “छोट्या छोट्या गोष्टींसाठी फोन करू नका, आधी स्वतः सोडवा.” तिने ते मनावर घेतलं. हे लिहिलं नाही तर सगळा दोष तिच्या माथी जातो. त्याने तिची सवय धुऊन निघत नाही, कारण ऑगस्टचा प्रसंग माझ्या त्या बोलण्याच्या आधीचा आहे. दोन्ही गोष्टी लिहायच्या, एकीने दुसरी झाकायची नाही.

तोल कशात असतो

पुष्कळांना वाटतं, दोन गोड वाक्यांमध्ये एक कडू वाक्य ठेवलं की तोल साधला. वाचणाऱ्याला हा साचा पाठ झालेला असतो. तो पहिलं गोड वाक्य ऐकतानाच ‘पण’ कधी येतोय याची वाट बघतो, आणि गोड वाक्यातलं खरंही त्याच्यापर्यंत पोचत नाही.

माझ्या मते तोल दोन ठिकाणी दिसतो. पहिलं, कौतुक आणि उणीव सारख्याच बारकाईने लिहिलेली हवी. कौतुक मोघम आणि उणीव तारीखवार, असं असेल तर तो माणूस दोषी दिसतो. कौतुक आकड्यांसकट आणि उणीव ‘थोडी सुधारणा’, असं असेल तर तुम्ही तिला वाचवताय हे दिसतं. दुसरं, प्रत्येक गोष्टीला जागा तिच्या वजनाप्रमाणे. 15,000चा दंड सगळ्यांच्या लक्षात आहे म्हणून त्याला निम्मा परिच्छेद देऊ नका. नऊ महिने चाललेली क्वेरीची पद्धत त्याहून मोठी आहे.

आणि ‘पण’ हा शब्द काढून टाका. “क्वेरी कमी केल्या, पण फाइल अडकवते” यात पहिला भाग पुसला जातो. दोन वेगळी वाक्यं करा, पूर्णविराम द्या.

आमच्या पोर्टलवर फॉर्म इंग्रजीत भरावा लागतो. मी मात्र आधी मराठीत लिहिते. इंग्रजीत ‘प्रोअ‍ॅक्टिव्ह टीम प्लेअर’ सहज लिहून होतं. तेच मराठीत सांगायला गेलं की आपण काहीच म्हणत नाही आहोत हे लगेच कळतं. मराठीत नक्की झालेला परिच्छेद हा असा:

“या वर्षी त्यांनी मशिनरीच्या सुट्या भागांवर वारंवार येणाऱ्या क्वेरीचं कारण रजिस्टरमधून स्वतःहून शोधलं. जुलैपासून अशा पार्ट्यांकडून बिल भरण्याआधी कॅटलॉग मागवून जोडण्याची पद्धत सुरू केली. आजही आपल्याकडे असलेल्या दहा पार्ट्यांच्या साधारण तेवढ्याच फाइलींवर क्वेरी एप्रिल-जूनमधल्या 17 वरून जानेवारी-मार्चमध्ये 9 वर आल्या. सप्टेंबरमध्ये आलेल्या सहकाऱ्याची चेकलिस्ट त्यांनी सहा आठवडे रोज तपासली. नोव्हेंबरपासून तो मसुदे स्वतंत्रपणे करतो. कागदांत तफावत आढळल्यावर त्या फाइल उत्तर येईपर्यंत स्वतःकडे ठेवतात. असं ऑगस्ट, नोव्हेंबर आणि फेब्रुवारीत झालं. नोव्हेंबरमध्ये बिल तीन दिवस उशिरा भरलं गेलं आणि 15,000 रुपये भरावे लागले. सुटीच्या दिवशी कोणाला कळवायचं याचा नियम तेव्हा टीममध्ये नव्हता. तो मी डिसेंबरमध्ये केला. पुढील वर्षी अपेक्षा: जहाज येण्याला तीन दिवस उरले असताना तफावत सुटलेली नसेल, तर त्याच दिवशी मला कळवणं.”

शेवटचं वाक्य नीट बघा. ‘वेळेवर कळवावं’ असं लिहिलं असतं तर पुढच्या एप्रिलमध्ये ते झालं की नाही यावर वाद झाला असता. तीन दिवस आणि त्याच दिवशी, हे मोजता येतं.

रेटिंग मी सगळ्यात शेवटी टाकते. परिच्छेद वाचून चार वाटतात का? मला वाटले. परिच्छेद एक सांगतोय आणि आकडा दुसरं, असं झालं तर आकडा बदलायच्या आधी परिच्छेदातून एखादी घटना सुटली आहे का ते कागदावर बघा.

सबमिट करण्याआधी

दोन तपासण्या पुरतात. पहिली: नाव झाका आणि टीममधल्या दुसऱ्या कोणाचं नाव घालून वाचा. तरीही चालतंय असं वाटलं तर ते वाक्य कोणाचंच नाही, काढा. माझा तीन वर्षांपूर्वीचा परिच्छेद नऊच्या नऊ जणांना चालला असता. दुसरी: प्रत्येक वाक्यापुढे ‘कशावरून?’ असं विचारा. उत्तर मेलमध्ये, रजिस्टरमध्ये किंवा कोणाच्या तोंडून मिळायला हवं.

मग तो त्या माणसाला वाचून दाखवा, पोर्टलवर जाण्याआधी. उणीव तिला तिथे पहिल्यांदा कळत असेल तर चूक तुमची, ती नोव्हेंबरमध्येच सांगायला हवी होती. मी सांगितली होती, त्यामुळे त्या वाक्यावर ती काही बोलली नाही. नियम मी डिसेंबरमध्ये केला हे लिहिलेलं वाचून क्षणभर माझ्याकडे बघितलं, एवढंच.

वेगळ्याच ठिकाणी तिने मला थांबवलं. “मॅडम, कॅटलॉगचं मी सुरू केलं खरं, पण कोणत्या पार्टीकडे नेमकी कोणती पानं मागायची ती यादी आपल्या डॉक विभागातल्या, कस्टम्समध्ये कागद पोचवणाऱ्या दादांनी करून दिली. कस्टम्समध्ये रोज तेच उभे असतात ना, अधिकारी काय विचारतात ते त्यांना पाठ आहे.” माझ्या तीनही ठिकाणांत ही गोष्ट कुठेच नव्हती, कारण दादा मेल लिहीत नाहीत आणि मी त्यांना विचारलं नव्हतं. मी वाक्य बदललं: “…डॉक विभागातल्या सहकाऱ्याकडून नेमक्या पानांची यादी करून घेऊन, अशा पार्ट्यांकडून कॅटलॉग मागवण्याची पद्धत सुरू केली.” तिचं श्रेय त्याने कमी झालं नाही. कोणाकडे काय माहिती आहे हे ओळखून तिने ती मिळवली, हे आता कागदावर दिसतं.

दादांचा फॉर्म दुसऱ्या मॅनेजरकडे असतो. त्यांना मी त्याच दुपारी एक मेल टाकली, चार ओळींची, तारखांसकट.